डेमोत आधी काय, लाइव्ह काय आणि गाळायचं काय

२०२५ च्या सप्टेंबरात मेटा कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात मार्क झुकरबर्ग नवा चष्मा घालून मंचावर उभे होते. काचेत छोटासा पडदा, मनगटावर पट्टा, आणि बोटांची किंचित हालचाल करून व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल उचलायचा, एवढंच त्या वेळी दाखवायचं होतं. कॉल आला, रिंग वाजत राहिली, पण तो काही केल्या उचलला जाईना. शेवटी कॉल करणारे अँड्र्यू बॉसवर्थ, म्हणजे कंपनीचे तंत्रज्ञान प्रमुख, स्वतःच मंचावर आले. नंतर त्यांनी कारण सांगितलं ते असं: कॉल आला नेमक्या त्याच क्षणी चष्म्याचा पडदा झोपी गेला होता, आणि जागा झाल्यावर 'कॉल उचला' ही सूचनाच त्यावर दिसली नाही. हा दोष त्याआधी त्यांना कधी सापडलाच नव्हता.

ती क्लिप फिरली आणि बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला, 'एवढी मोठी कंपनी, आधी रेकॉर्ड करून का नाही दाखवलं?' प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. कारण रेकॉर्ड केलेलं दाखवलं असतं, तर याच लोकांनी 'खरं चालतं तरी का?' असं विचारलं असतं. आपल्याकडे छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या, दुकानांना बिलिंग विकणाऱ्या, कारखान्याला मशीन दाखवायला जाणाऱ्या हजारो लोकांपुढे हाच पेच रोज असतो, फक्त त्यांची क्लिप कुणी काढत नाही.

डेमो म्हणजे वस्तू विकत घेण्याआधी ती काम करताना दाखवणं. तो दोन प्रकारे देता येतो. खरं सॉफ्टवेअर उघडून एकेक पायरी चालवून दाखवली तर तो लाइव्ह. त्याच पडद्यांची आधी काढून ठेवलेली चित्रं दाखवली तर ते स्क्रीनशॉट. कुठे कोणता वापरायचा, कोणत्या क्रमाने, आणि मुळात काय दाखवायचंच नाही, हे एक उदाहरण धरून पाहू.

समजा पुण्यातली १२० फ्लॅटची एक गृहनिर्माण सोसायटी आहे. मेंटेनन्सची बिलं आज एक्सेलमध्ये होतात, हिशेब टॅलीत, पावत्या हाताने. आपण त्यांना सोसायटीचं सॉफ्टवेअर विकायला चाललोय. रविवारी सकाळी कमिटीची मीटिंग आहे, त्यात आपल्याला चाळीस मिनिटं दिली आहेत. समोर चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि दोन-तीन कमिटी मेंबर. मागचा विषय लांबला की चाळीसची पंचवीस होणार हे धरूनच चालायचं.

## मेनूचा क्रम म्हणजे डेमोचा क्रम नव्हे

नवखा माणूस डेमो कसा देतो ते बघा. लॉगिन करतो. मग 'मास्टर्स' उघडतो, त्यात विंग कशा टाकायच्या, फ्लॅट कसे टाकायचे, सभासदांची नावं, मग शुल्काचे प्रकार: सेवाशुल्क, सिंकिंग फंड, पार्किंग, पाणी. मग बिलाचा नमुना कसा निवडायचा. मग बिल. तोवर वीस मिनिटं गेलेली असतात, चेअरमन दोनदा फोन घेऊन बाहेर जाऊन आलेले असतात, आणि खजिनदारांच्या मनात एकच गोष्ट बसलेली असते: 'यात भरायलाच किती आहे!'

हा क्रम त्याला सुचतो कारण सॉफ्टवेअर बसवताना खरंच त्याच क्रमाने काम होतं. मेनूही त्याच क्रमाने असतो. पण पाहणाऱ्याला सॉफ्टवेअर बसवायचं नसतं, घ्यायचं की नाही ते ठरवायचं असतं. ही दोन कामं वेगळी आहेत.

साडीच्या दुकानातला जुना विक्रेता बघा. तो आधी 'कशासाठी हवीय, साधारण कितीपर्यंत?' विचारतो. मग घडी उलगडतो ती पदराच्या बाजूने. पदर आणि काठ पसंत पडले तरच आतला पोत, वजन, धुण्याचं कसं, हे प्रश्न येतात, आणि ते गिऱ्हाईकच विचारतं. सूत कुठून आलं इथून तो सुरुवात करत नाही.

आपल्या डेमोतला पदर म्हणजे तयार बिल. म्हणून पहिल्या मिनिटाला पडद्यावर बी-३०४ या फ्लॅटचं तिमाही बिल यायला हवं: पूर्ण भरलेलं, सोसायटीच्या नावासकट, थकबाकी आणि व्याज वेगळं दाखवणारं. त्याच्या पाठोपाठ थकबाकीदारांची यादी, सगळ्यांत मोठी रक्कम वर. 'तिमाही संपली की तुमच्या हातात या दोन गोष्टी येतील. आता त्या कशा येतात ते बघू.' एवढं झालं की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे समोरच्याला आपोआप कळतं. शुल्काचे प्रकार टाकायचा पडदा बिलाच्या आधी दाखवला तर तो फॉर्म वाटतो. बिलानंतर दाखवला तर 'अच्छा, ही पाण्याची ओळ इथून येते होय' असं वाटतं.

आणखी एक व्यावहारिक फायदा आहे. अशा मीटिंगमधून मध्येच उठून जाणारा माणूस बहुधा ज्याच्या होकाराची गरज असते तोच असतो. निकाल पहिल्या पाच मिनिटांत दाखवला असेल, तर तो काहीतरी पाहून गेलेला असतो.

बाकी क्रम कोणत्या दुखण्यावरून लावायचा हे डेमोच्या आदल्या आठवड्यात फोनवर कळतं. तीन गोष्टी विचाराव्यात. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? सभासदांची भांडणं कशावरून होतात? अंतिम निर्णय कोण घेणार? आणि एक गोष्ट मागून घ्यावी: मागच्या तिमाहीचं एक खरं बिल, नाव झाकून. बिलाचा तो कागद हातात आला की निम्मा डेमो तयार झाला. आपल्या उदाहरणात उत्तरं अशी आली असं धरू: खजिनदारांना व्याजाचा हिशेब डोकेदुखी झालाय, सेक्रेटरींना 'माझं बिल मिळालं नाही' हे फोन, आणि चेअरमनना ऑडिटची काळजी. म्हणजे क्रम ठरला. बिल आणि थकबाकी, मग व्याज, मग बिल पोचणं, मग ऑडिट. व्हिजिटर, पार्किंग, क्लबहाउसचं बुकिंग यांपैकी कशाचंही नाव कुणी काढलेलं नाही, हे लक्षात ठेवू.

## लाइव्ह कुठे? जिथे शंका आकड्याची आहे तिथे

लाइव्ह दाखवण्याला एकच खरं कारण असतं. पाहणाऱ्याची शंका 'हे खरंच होतं का' किंवा 'माझ्या बाबतीत होईल का' अशी असली, तर चित्राने तिचं समाधान होत नाही. शंका 'मिळेल ते दिसेल कसं' एवढीच असली, तर चित्र पुरतं, उलट बरं पडतं.

व्याजाचं उदाहरण घेऊ. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत थकबाकीवरच्या सरळव्याजाची कमाल मर्यादा अनेक वर्षं वर्षाला २१ टक्के राहिली आहे, आणि या सोसायटीने तेवढाच दर ठरावाने लावलाय असं धरू. बी-३०४ चे तिमाहीचे १०,५०० रुपये थकले आहेत. तीन महिन्यांचं व्याज ५५१ रुपये २५ पैसे. हा आकडा पडद्यावर आला की खजिनदार मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढणार. काढू द्यावा. किंबहुना त्यांनी तो काढावा म्हणूनच हा भाग लाइव्ह ठेवायचा.

मग ते विचारतील, 'आणि मध्येच पाच हजार भरले तर?' हा प्रश्न येतोच, कारण एक्सेलमध्ये नेमकं इथेच गाडं अडतं. आता त्यांच्यासमोर एक महिन्यानंतरची तारीख घालून ५,००० ची पावती टाकायची. पैसे आधी मुद्दलात धरले, तर पहिल्या महिन्याचं व्याज १०,५०० वर १८३.७५ आणि पुढच्या दोन महिन्यांचं उरलेल्या ५,५०० वर १९२.५०, मिळून ३७६ रुपये २५ पैसे. पडद्यावर ५५१.२५ चे ३७६.२५ झालेले दिसले की खजिनदार वर बघतात. 'आमच्याकडे आधी व्याज वळतं करतात' असं ते म्हणाले, तर तो पर्याय बदलून आकडा पुन्हा फिरवून दाखवायचा. हे काम चित्राने होणं शक्यच नाही, कारण कोणता प्रश्न येईल हे आधी माहीत नसतं.

इथे एक पथ्य पाळावंच लागतं. डेमोतला डेटा खऱ्यासारखा हवा. 'टेस्ट वन', 'एबीसी', थकबाकी ९९,९९९, असली नावं आणि आकडे पडद्यावर असले की पाहणाऱ्याचं लक्ष त्यातच अडकतं. त्याहून वाईट म्हणजे बेरजा न जुळणं. यादीची बेरीज एक आणि ताळेबंदातला येणे आकडा दुसरा, हे हिशेबाच्या माणसाला चार सेकंदांत दिसतं, आणि मग 'हा नुसता डेमोचा डेटा आहे हो' हे उत्तर त्याला पटत नाही. दुसऱ्या एखाद्या ग्राहक सोसायटीचा खरा डेटा उघडणं हा तर वेगळाच गुन्हा. थकबाकीदारांची नावं वाचून समोरचा हसेल, पण उद्या आपलीही नावं अशीच दुसरीकडे दिसणार हे त्याच्या ध्यानात येईल.

## चित्र कुठे? जिथे दोरी आपल्या हातात नाही तिथे

आता सेक्रेटरींचं दुखणं: बिल पोचणं आणि पैसे येणं. सभासदाला व्हॉट्सॲपवर बिल जातं, तो त्यातल्या लिंकवरून यूपीआयने भरतो, पावती आपोआप निघते. सांगायला छान, आणि लाइव्ह दाखवायचा मोह जबरदस्त.

पण या साखळीत आपल्या हातात काय काय नाही ते मोजा. क्लबहाउसचं वायफाय. संदेश पोचवणारी कंपनी. पेमेंट गेटवे, म्हणजे आपला आणि बँकेचा व्यवहार जोडून देणारी मधली सेवा. भरणाऱ्याची बँक. यांतलं एक जरी अर्धा मिनिट रेंगाळलं, तरी सगळी मीटिंग एका फिरत्या गोल चिन्हाकडे बघत बसते. गंमत म्हणजे यात कुणाला शंकाही नसते. यूपीआय चालतं हे चेअरमन रोज भाजीवाल्याकडे बघतात. त्यांना फक्त बिलाचा संदेश कसा दिसतो आणि पावती कुठे पडते एवढं बघायचं असतं. चार चित्रं ओळीने दाखवली की विषय संपला: संदेश, बिल, भरल्याची खूण, पावती.

यातून दुसरा नियम निघतो. प्रत्येक पायरीला विचारायचं, ही अडकली तर मी सोडवू शकतो का? नसेल, आणि शंकाही नसेल, तर चित्र.

सभागृह भरलं की नेटवर्कचं काय होतं याचा अनुभव मोठमोठ्यांनी घेतलाय. २०१० च्या जूनमध्ये आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्स यांच्या फोनवर वेबपान उघडेना. प्रेक्षकांतल्या पत्रकारांनी आणि इतरांनी आपापली छोटी वायफाय उपकरणं सुरू ठेवली होती, अशा ५७० केंद्रांचा गलका त्या एका सभागृहात चालू होता. ती बंद करा अशी विनंती त्यांना मंचावरून करावी लागली. मेटाच्या त्याच कार्यक्रमात स्वयंपाकाची कृती सांगणारं आणखी एक प्रात्यक्षिक असंच फसलं. मंचावरच्या एका चष्म्याला दिलेली हाक इमारतीतल्या सगळ्या तशा चष्म्यांनी ऐकली आणि ते सगळे एकदम डेमोसाठी बाजूला ठेवलेल्या सर्व्हरवर जाऊन आदळले. रंगीत तालमीला एवढे चष्मे तिथे नव्हते. तालीम झाली होती, पण ती वेगळ्याच परिस्थितीची.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ५७० वायफाय नसतात, पण तिथलं एकुलतं वायफाय पार्किंगच्या बाजूला असतं आणि त्याचा पासवर्ड वॉचमनला माहीत नसतो. त्यामुळे शक्य असेल तर सॉफ्टवेअरची डेमो प्रत लॅपटॉपवरच चालेल अशी ठेवावी, नसेल तर स्वतःच्या मोबाइलचा डेटा. आणि एचडीएमआयची वायर आपली न्यावी.

चित्रांना योग्य अशी आणखी एक जागा म्हणजे वर्षातून एकदाच होणारं काम. चेअरमनना ऑडिटची काळजी आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, त्याआधी हिशेब तयार हवेत. ते अहवाल पडद्यावर तयार होताना बघण्यात काही अर्थ नाही. ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि सभासदांच्या आय आणि जे नोंदवह्या कागदावर छापून त्यांच्या हातात द्याव्यात. कागद हातात असला की माणूस तो उलटून-पालटून बघतो, ऑडिटरला दाखवतो म्हणतो. पडद्यावरचा तक्ता मागच्या रांगेतून वाचतासुद्धा येत नाही.

## मग सगळंच चित्रात का नको?

हा आक्षेप येतोच, आणि आकर्षकही आहे. सगळी चित्रं ओळीने लावली की काहीच बिघडणार नाही. पण मग डेमोची जाहिरात होते. पहिल्याच मध्येच आलेल्या प्रश्नाला 'ते मी नंतर दाखवतो' म्हणावं लागतं, आणि खजिनदारांच्या पाच हजारांच्या प्रश्नाला तर उत्तरच राहत नाही. हिशेबाची माणसं यातून एकच निष्कर्ष काढतात: अजून तयार नाही.

सगळं लाइव्ह ठेवण्याचा हट्टही तितकाच महाग पडतो. त्यात वेळ जातो. एकशे वीस बिलं तयार होताना तीन मिनिटं लागत असतील, तर ती तीन मिनिटं बोलून भरून काढणं हे चांगल्या चांगल्यांना जमत नाही. तिथे फक्त 'सुरू करा' बटण लाइव्ह दाबावं आणि लगेच आदल्या दिवशी तयार करून ठेवलेल्या मागच्या तिमाहीच्या बिलांवर जावं. तसं स्पष्ट सांगावं: 'हे मागे चालू राहील, तोवर मागच्या तिमाहीची बघू.'

माझ्या मते पंचवीस मिनिटांच्या डेमोत दहा-बारा मिनिटं लाइव्ह भरपूर झालं, आणि ती सगळी एकाच ठिकाणी लावावीत, व्याजाच्या भागात. चित्रातून लाइव्हमध्ये, लाइव्हमधून पुन्हा चित्रात अशा उड्या मारल्या की पाहणाऱ्याला आपण आत्ता काय बघतोय हेच कळेनासं होतं.

लाइव्ह भागाचीही वाट आधी आखून ठेवलेली असते. या धंद्यात तिला गोल्डन पाथ म्हणतात: चालून पाहिलेल्या, न अडकणाऱ्या पायऱ्यांचा ठरलेला क्रम. ९ जानेवारी २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयफोन दाखवला गेला तेव्हा त्याच्या मागे हेच होतं. त्या वेळचे फोन कच्चे होते. त्यावर काम करणाऱ्या अभियंत्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, आधी ईमेल पाठवून मग इंटरनेट उघडलं तर चालायचं, उलट केलं तर अडकण्याची भीती असायची. गाण्याचा तुकडा वाजायचा, सबंध गाणं भरवशाचं नव्हतं. म्हणून क्रम पक्का ठरवला, मंचावर एकापेक्षा जास्त फोन ठेवले, एकाची मेमरी भरली की दुसरा उचलायचा. प्रेक्षकांना दीड तास एक अखंड ओघ दिसला.

## गाळायचं काय?

विकणाऱ्याला सगळ्यात जड जाणारा भाग हाच. दोन वर्षं खपून केलेलं व्हिजिटरचं मॉड्यूल दाखवायचंच नाही म्हणजे काय? पण दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीला पाहणारा मनात दोन किमती लावतो. एक, हे शिकावं लागणार. दोन, याचे पैसे मी का भरू? कमिटीला नको असलेल्या चार गोष्टी दाखवल्या की हवी असलेली पाचवी महाग वाटायला लागते.

लॉगिन, पासवर्ड बदलणं, नवीन युजर तयार करणं हे तर डोळे मिटून गाळावं. ते सगळ्यांकडे असतं. डेमो सुरू करताना आपण आधीच आत असायला हवं.

खोलीत नसलेल्या माणसाच्या कामाच्या गोष्टीही गाळाव्यात. गेटवरची नोंद वॉचमन आणि सुरक्षा एजन्सीचा विषय आहे. ती दाखवली की कमिटी मेंबर आपसात 'रात्रीचा वॉचमन झोपतो' यावर बोलू लागतात आणि दहा मिनिटं गेली. तो विषय त्यांनी काढला तर एक वाक्य: 'आहे, वेगळा दाखवतो.'

अर्धवट तयार गोष्ट तर दाखवूच नये. 'पुढच्या महिन्यात येतंय' म्हणून अर्धा पडदा दाखवला की खरेदीचा निर्णयही पुढच्या महिन्यावर जातो.

उलट काही कंटाळवाण्या गोष्टी गाळता येत नाहीत. आपल्या उदाहरणातली सगळ्यात महत्त्वाची: जुन्या थकबाकीचे सुरुवातीचे आकडे नव्या सॉफ्टवेअरमध्ये कसे येणार. एक्सेलमधल्या बाकी आणि टॅलीतल्या बाकी जुळत नसतात, आणि सोसायटीची अशी कामं जिथे महिनोन् महिने अडकतात ती जागा हीच. हे पडद्यावर दाखवण्यासारखं काही नाही, पण दोन मिनिटं बोलायलाच हवं: आकडे कोण देणार, कोण तपासणार, सह्या कुणाच्या. इथे गप्प बसलेला विक्रेता खजिनदारांना लगेच ओळखू येतो.

तसंच त्यांनी मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं. फोनवर सेक्रेटरी म्हणाल्या होत्या की बिल मराठीत हवं, आणि आपलं इंग्रजीतच निघतं. हे गाळलं तर ते विसरतील ही आशा खोटी आहे. मध्यावर, आपण होऊन, एका वाक्यात सांगून टाकावं. शेवटी त्यांच्या तोंडून आलं तर तेच डेमोचं शेवटचं वाक्य ठरतं.

## गाळलं तर 'यांच्याकडे नाहीच' असं नाही वाटणार?

वाटू शकतं, आणि त्यावर उपाय कागदाचा आहे. एका पानावर सगळ्या सुविधांची यादी छापून न्यायची. आज दाखवलेल्या, असलेल्या पण न दाखवलेल्या, आणि नसलेल्या, असे तीन गट करून. तिसरा गट छापायला हात धजत नाही, पण कमिटीत प्रतिस्पर्धी कंपनीचा डेमो पाहिलेला एकजण असतोच, आणि तो तिथूनच सुरुवात करतो.

पहिल्या आयफोनच्या वेळी कॉपी-पेस्ट नव्हतं, ते २००९ मध्ये आलं. बाहेरच्यांची ॲप टाकायची सोय २००८ च्या जुलैत. मंचावर त्याबद्दल माफी मागितली गेली नाही आणि ते आहे असंही भासवलं गेलं नाही. जे होतं तेवढंच दाखवलं.

## आखून दाखवणं म्हणजे फसवणूक नाही का?

सीमारेषा पुसट आहे खरी, पण आहे. त्याच आयफोन डेमोत फोनवर नेटवर्कच्या पाचही कांड्या कायम दिसतील अशी सोय करून ठेवली होती, सिग्नल प्रत्यक्षात कितीही असो. हे मला फारसं पटत नाही. तरी त्या दिवशी दाखवलेली कामं करणारा फोन २९ जूनला दुकानात मिळायला लागला.

दुसऱ्या टोकाला निकोला ही अमेरिकेतली ट्रक कंपनी. २०१८ च्या जानेवारीत त्यांनी आपला निकोला वन हा ट्रक रस्त्यावरून धावताना दाखवणारा व्हिडिओ टाकला. २०२० मध्ये उघड झालं की ट्रक स्वतःच्या बळावर चालतच नव्हता, उतारावरून सोडून दिला होता. कंपनीचा बचाव असा की, तो स्वतःच्या शक्तीवर चालतोय असं आम्ही कधी म्हटलंच नाही. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांना गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याच्या खटल्यात २०२२ च्या ऑक्टोबरात ज्युरीने दोषी ठरवलं, पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. २०२५ मध्ये त्यांना अध्यक्षांची माफी मिळाली, तो भाग निराळा.

आपल्यापुरती कसोटी साधी आहे. चित्र दाखवताना 'हे आधी काढलेलं चित्र आहे' असं म्हणायला संकोच वाटत असेल, तर ते चित्र दाखवू नये. आणि ज्या पायरीचं चित्र दाखवलंय ती आजच्या घडीला सॉफ्टवेअरमध्ये खरंच चालायला हवी. डिझायनरने काढून दिलेलं, आतून काहीच नसलेलं चित्र 'स्क्रीनशॉट' म्हणून दाखवणं ही उतारावरून सोडलेल्या ट्रकचीच धाकटी आवृत्ती.

## मध्येच अडकलं तर?

अडकणार. म्हणून लाइव्ह भागाच्या प्रत्येक पायरीचं चित्रही त्याच क्रमाने तयार ठेवायचं, दुसऱ्या खिडकीत उघडं. पडदा हलेनासा झाला की एकदा पुन्हा प्रयत्न करावा, फार तर पंधरा-वीस सेकंद थांबावं, मग 'अडकलंय, पुढचं चित्रात बघू आणि शेवटी परत येऊ' म्हणून पुढे जावं. कारणमीमांसा करू नये. 'काल तर चालत होतं' हे वाक्य तर मुळीच नको, कारण ऐकणारा त्यातून एवढंच घेतो की हे एक दिवस चालतं आणि एक दिवस नाही. शेवटी परत येऊ म्हटलं असेल तर यावं मात्र नक्की. तेव्हाही चाललं नाही, तर दुसऱ्या दिवशी खजिनदारांच्या घरी किंवा ऑफिसात दहा मिनिटं मागून घ्यावीत.

आकडा चुकीचा येणं हे अडकण्यापेक्षा गंभीर. व्याज ५५१.२५ च्या जागी ५४३.७० आलं, तर तिथेच थांबून दिवसांवर हिशेब होतोय की महिन्यांवर ते बघावं. बहुतेक वेळा तेच असतं: तीन महिने म्हणजे ९० दिवस धरून ३६५ ने भागलं की आकडा नेमका एवढाच खाली येतो. हे कमिटीसमोर सापडलं तर उलट चांगला विषय निघतो, कारण त्यांचा ठराव नेमकं काय म्हणतो हे त्यांनीही बहुधा पाहिलेलं नसतं.

## लोक मध्येच उड्या मारतात, मग क्रमाचा उपयोग काय?

चेअरमन दुसऱ्याच मिनिटाला म्हणतात, 'ते राहू द्या, आधी पार्किंगचं सांगा.' क्रम इथेच उपयोगी पडतो, कारण कुठून सोडलं आणि कुठे परत यायचं हे आपल्याला माहीत असतं. ज्याने प्रश्न विचारला तो निर्णय घेणारा असेल तर लगेच दाखवावं, तीस सेकंदांत, एका पडद्यात. इतर कुणी असेल तर प्रश्न कागदावर लिहून घ्यावा, लिहिताना त्यांना दिसेल असा. आणि पहिल्या पाच मिनिटांत बिल व थकबाकीची यादी दाखवून झाली असेल, तर पुढे क्रम कितीही विस्कटला तरी मुख्य ऐवज त्यांच्यापुढे आलेला असतो.

त्याच संध्याकाळी कमिटीच्या ग्रुपवर तीन गोष्टी पाठवायच्या: बी-३०४ च्या बिलाची पीडीएफ, पाच हजारांच्या पावतीनंतरचा व्याजाचा तपशील, आणि लिहून घेतलेले प्रश्न, ज्याच्या त्याच्यापुढे उत्तराची तारीख टाकून. मराठी बिलापुढे तारीख देता येत नसेल, तर 'सध्या नाही' एवढंच लिहायचं.